एरर कोडचा अर्धाच तक्ता मराठीत देऊ नका : एसी आणि वॉशिंग मशीन कंपन्यांच्या सर्व्हिस विभागांना खुलं पत्र

प्रति,
एसी आणि वॉशिंग मशीन बनवणाऱ्या कंपन्यांचे सर्व्हिस विभागप्रमुख,
तसेच त्यांच्यासाठी मराठी सर्व्हिस गाइड तयार करणारे सर्व जण

सप्रेम नमस्कार.

मी अकोल्यात घरगुती उपकरणांचं सर्व्हिस सेंटर चालवते. आमच्याकडे एसी आणि वॉशिंग मशीनचं काम येतं. मुलं बाळापूर, पातूर, मूर्तिजापूर, अकोटपर्यंत जॉबवर जातात. बहुतेक जण आयटीआयमधून रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड करून आलेले आहेत. काम शिकलेले, हात स्वच्छ असलेले आणि मल्टिमीटर नीट धरणारे. त्यांचा फोन साइटवरून आला की तो मीच घेते, आणि महिनाअखेरीस बदललेल्या पार्टच्या किमतीसाठी कंपनीकडे करायच्या क्लेमचे कागद येतात तेही माझ्याच टेबलावर येतात. हे पत्र त्या दोन्ही गोष्टींमधून आलेलं आहे.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या एका कंपनीने एसीचं मराठी सर्व्हिस गाइड पाठवलं. ही मागणी आम्हीच सतत करत होतो, त्यामुळे आनंद झाला. पण गाइडसोबत एक परिपत्रक होतं. एरर कोडचा तक्ता आता मराठीत उपलब्ध आहे, त्यामुळे यापुढे चुकीचा पार्ट बदलला गेल्यास क्लेम मंजूर होणार नाही आणि त्या पार्टची किंमत सेंटरच्या बिलातून वळती केली जाईल, असा त्याचा मजकूर. कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण प्रश्न एकट्या तिचा नाही. वॉशिंग मशीनचे आणि इतर एसींचे जे मराठी तक्ते माझ्या पाहण्यात आले, त्यांतही त्याच जातीच्या चुका आहेत. म्हणून हे पत्र सगळ्यांना आणि उघडपणे लिहीत आहे.

आधी तक्ता म्हणजे काय ते वाचकांसाठी सांगते. मशीन बंद पडलं की डिस्प्लेवर E1, F3 असा काहीतरी कोड येतो. ग्राहकाला तेवढंच दिसतं. कारागिराच्या गाइडमध्ये मात्र त्या कोडपुढे आणखी मजकूर असतो : पीसीबीने, म्हणजे मशीनच्या कंट्रोल बोर्डने, नेमकं काय पाहिलं म्हणून हा कोड दिला, कारणं कोणती असू शकतात, आणि कोणत्या क्रमाने काय तपासायचं. अनेक कंपन्यांच्या इंग्रजी गाइडमध्ये एकेका कोडसाठी अख्खं पान असतं. त्यावर हो-नाहीच्या बाणांचा आराखडा असतो, मोजायचे व्होल्ट आणि ओहम दिलेले असतात. शेवटी सेन्सरच्या तापमानाचा आणि ओहमचा मोठा तक्ता असतो.

आमच्या हातात आलेल्या मराठी गाइडमध्ये यातल्या दोनच रकान्यांचं भाषांतर झालं आहे : कोड आणि बिघाडाचं नाव. काही कोडपुढे तपासणीच्या चार ओळी आहेत. बाणांचे आराखडे चित्र असल्यामुळे इंग्रजीतच राहिले, आणि सेन्सरचा तक्ता तर गाळूनच टाकला. आणि या अर्ध्या गाइडच्या भरवशावर आमचे क्लेम नाकारले जाणार आहेत.

पहिली तक्रार याच अर्धेपणाबद्दल आहे, आणि ती एका कोडवरून सांगितली तर नीट समजेल.

हे गाइड एसीच्या ज्या मॉडेल-मालिकेचं आहे, तिच्यात E1 म्हणजे इनडोअर आणि आउटडोअर युनिटचा आपसातला संपर्क तुटला. इन्व्हर्टर एसीमध्ये दोन्ही पीसीबी एकमेकींशी सतत बोलत असतात. त्यासाठी सप्लायच्या दोन तारा आणि अर्थिंगच्या जोडीला एक सिग्नलची तार जाते. ती तार आणि न्यूट्रल मिळून निरोप इकडून तिकडे जातो. निरोप थांबला की E1. आता दोष तारेत आहे, इनडोअरच्या पीसीबीत आहे की आउटडोअरच्या, हे कोड सांगत नाही. ते मोजूनच काढावं लागतं आणि त्यासाठी एक सोपी कसोटी आहे. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा, लाल प्रोब न्यूट्रलच्या टर्मिनलवर, काळा सिग्नलच्या टर्मिनलवर. सगळं ठीक असेल तर आकडा मायनस आणि प्लस असा दोन्हीकडे हलत राहतो, या मालिकेत उणे ५० ते अधिक ५० व्होल्टच्या दरम्यान. आकडा हलतो आहे पण फक्त प्लसमध्येच, तर दोष आउटडोअरमध्ये. आकडा एका जागी थांबून राहिला तर दोष इनडोअरमध्ये. दोन मिनिटांत कळतं की कोणती पीसीबी मागवायची.

मराठी गाइडमध्ये याच कसोटीचं वाक्य असं छापलं आहे : ‘सामान्य स्थितीत व्होल्टेज प्रत्यावर्ती राहील, अंतर्गत एककात दोष असल्यास व्होल्टेज ठराविक मूल्य असेल.’

आमच्या मुलाने पातूरला एका घरी हे वाचलं. आयटीआयच्या वर्गात ‘प्रत्यावर्ती’ हा शब्द त्याने एसी करंटसाठी ऐकलेला. साहजिकच त्याने मल्टिमीटर एसी व्होल्टवर फिरवला. त्यावर जो आकडा आला त्याचा या कसोटीशी काही संबंध नव्हता. मग त्याने मला फोन केला : “ताई, ठराविक मूल्य म्हणजे किती हो? आकडा तर कुठंच देल्ला नाही.” त्याचा प्रश्न अगदी बरोबर होता. ‘ठराविक मूल्य’ वाचल्यावर कोणीही आकडाच शोधणार. मूळ इंग्रजीत सांगायचं होतं ते एवढंच, की व्होल्टेज हलत नाही, आहे तिथेच थांबतं. ते मराठीत आलंच नाही. इंग्रजी गाइड ज्या पोर्टलवर आहे त्याचं लॉगिन सेंटरच्या नावावर, त्याच्या मोबाइलवर नाही. मी ते उघडून पाहीपर्यंत त्याने दुसऱ्या जॉबवरच्या अनुभवावरून आउटडोअरची पीसीबी बुक केली होती. ती बसवली, कोड तसाच. शेवटी इनडोअरची बदलल्यावर एसी सुरू झाला. आउटडोअरची जुनी पीसीबी कंपनीकडे तपासणीला गेली आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत आली. इन्व्हर्टरच्या पीसीबीची किंमत काय असते ती आपल्याला माहीत आहे. ती आमच्या बिलातून वळती झाली.

त्याच ओळी आमच्या सेंटरमध्ये मुलांनी बसून पुन्हा लिहिल्या. त्या इथे देते, कारण काय मागतो आहोत ते नमुन्यावरूनच कळेल :

‘E1 – इनडोअर आणि आउटडोअरचा संपर्क तुटला. आधी मेन स्विच बंद करा. दोन्ही युनिटच्या टर्मिनलचे स्क्रू घट्ट आहेत का पाहा. प्रत्येक तार दोन्हीकडे एकाच नंबरच्या टर्मिनलवर आहे का पाहा. फेज आणि न्यूट्रल उलटे झाले असतील तरी हा कोड येतो. तारेला मध्ये जोड असेल तर टेप काढून जोड पाहा. तार उंदराने कुरतडली नाही ना, तेही पाहा. तारा ठीक असतील तरच सप्लाय चालू करा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एसीवर नाही. लाल प्रोब न्यूट्रलवर, काळा सिग्नलवर. आकडा मायनस-प्लस दोन्हीकडे हलतो : संपर्क सुरू आहे. फक्त प्लसमध्ये हलतो : आउटडोअर तपासा. एका जागी थांबतो : इनडोअर तपासा.’

यात एकही अवघड शब्द नाही. फेज, न्यूट्रल, सिग्नल, टर्मिनल, पीसीबी हे शब्द आमच्या रोजच्या बोलण्यातले आहेत आणि दुकानात पार्ट मागताना तेच वापरले जातात. त्यांचं मराठीकरण आम्ही मागत नाही. मराठीत हवं आहे ते त्यांच्या भोवतीचं : आधी काय करायचं, मग काय, काय दिसलं तर काय समजायचं. तपासणीचा क्रमही स्वस्ताकडून महागाकडे जाणारा आहे. स्क्रू आवळायला पैसे लागत नाहीत. पीसीबी शेवटी येते. मूळ बाणांच्या आराखड्यात हा क्रम आहे. आराखडा भाषांतरित न केल्यामुळे मराठीत तो हरवला आणि कारणांची यादी तेवढी राहिली. त्या यादीत पीसीबी सगळ्यात वर आहे.

दुसरी तक्रार सेन्सरच्या कोडबद्दल आहे. उन्हाळ्यात आमच्याकडे सगळ्यात जास्त पार्ट याच कोडपायी वाया जातात.

एसीमधले तापमानाचे सेन्सर म्हणजे थर्मिस्टर. तापमान वाढलं की त्यांचा रेझिस्टन्स कमी होतो. आपण ज्याला ‘दहाचा सेन्सर’ म्हणतो तो १० किलोओहमचा, पण तो २५ अंश सेल्सिअसला. अकोल्यात मे महिन्यात गच्चीवर २५ अंश कुठून येणार? सावलीतला पारा ४० च्या वर असतो. ४० अंशांना हाच सेन्सर साधारण पाच ते साडेपाच किलोओहम दाखवतो, ४५ ला साडेचारच्या आसपास. सेन्सर पूर्ण चांगला असतानाही! हे कारागिराला कळावं म्हणून तर गाइडच्या शेवटी तापमान आणि ओहमचा तक्ता दिलेला असतो. आकड्यांच्या त्या तक्त्यात भाषांतर करण्यासारखे शब्द दोन-तीनच आहेत, आणि तरीही मराठी गाइडमधून तोच गाळला गेला.

मुलगा आउटडोअर उघडतो, सेन्सर काढून मोजतो आणि मला फोन करतो, “ताई, सेन्सर गेला हो. दहाचा पायजे, साडेपाच दाखवून राह्यला.” मी त्याला म्हणते, ग्लासभर पाण्यात बर्फ टाक आणि सेन्सरचं टोक त्यात बुडव. आकडा वर चढत गेला, बर्फाच्या पाण्यात तीसच्या आसपास पोचला, तर सेन्सर जिवंत आहे. ही युक्ती फोनवर सांगावी लागते, कारण गाइडमध्ये ती जागाच रिकामी आहे.

मग कोड का आला? इथे मराठी गाइडची दुसरी चूक आडवी येते. इंग्रजीत त्या कोडपुढे सेन्सर ओपन किंवा शॉर्ट असं लिहिलेलं आहे. मराठीत ते ‘संवेदक उघडा किंवा लहान’ असं झालं आहे. ओपन म्हणजे सर्किट कुठेतरी तुटलं आणि शॉर्ट म्हणजे दोन टोकं एकमेकांना भिडली, हे आमच्याकडे नवीन आलेल्या पोरालाही माहीत असतं. पण ‘उघडा किंवा लहान’ वाचून त्याला काहीच कळत नाही, म्हणून तो सरळ सेन्सर बदलायला घेतो. पीसीबी सेन्सरचे ओहम मोजत बसत नाही. ती सेन्सरच्या लाइनवरचा पाच व्होल्टच्या आतला व्होल्टेज पाहते. तो अगदी शून्याला किंवा अगदी पाचला जाऊन चिकटला की मगच ती कोड देते. म्हणजे साडेपाच किलोओहम दाखवणाऱ्या सेन्सरमुळे हा कोड येणं शक्यच नाही. कोड आला आहे तर तार तुटली असेल, कनेक्टर सैल असेल, त्यात ओल किंवा गंज शिरला असेल, नाहीतर पीसीबीवरच काही गेलं असेल.

बाळापूरच्या एका जॉबवर नेमकं हेच झालं. सेन्सर बदलला, कोड गेला, ग्राहकाने सही केली. काही दिवसांनी तोच कोड परत. नवा सेन्सर लावताना कनेक्टर काढून पुन्हा दाबला गेला, म्हणून कोड गेला होता. सैल पिन तशीच राहिली होती. कंपनीच्या नोंदीत ते ‘रिपीट कॉल’ म्हणून गेलं आणि आमच्या सेंटरचे गुण कमी झाले.

मराठी तक्त्यात कोडपुढच्या रकान्याला ‘बिघाड’ असं शीर्षक दिलं आहे. ते बदलून ‘पीसीबीला काय दिसलं’ असं काहीतरी करा, अशी माझी सूचना आहे. कोड म्हणजे पीसीबीची समजूत असते. पार्ट खरंच खराब आहे की नाही, ते मोजल्यावर ठरतं. शीर्षकापासूनच हे कळलं तर कोड पाहताच पार्ट काढायची घाई होणार नाही.

तिसरी तक्रार कोड कसे छापले याबद्दल. मराठी गाइडमध्ये कोडही मराठीत लिहिले आहेत : ‘ई१’, ‘एफ३’. डिस्प्लेवर असं कधीच दिसत नाही. मुलगा मोबाइलवर गाइड उघडून शोधात E1 टाइप करतो आणि काहीही सापडत नाही. मग दीडशे पानं बोटाने सरकवत बसतो, वर ग्राहक उभा.

वॉशिंग मशीनच्या तक्त्यात हा गोंधळ जास्त घातक आहे. यातल्या बऱ्याच मशीनच्या डिस्प्लेवर प्रत्येक अक्षर सात रेघांतून बनतं. त्या सात रेघांत इंग्रजी अक्षर S आणि आकडा 5 सारखेच दिसतात, O आणि 0 सारखेच, I आणि 1 जवळपास सारखेच. गाइडमध्ये कोड मराठी अक्षरांत लिहिला की ‘एसई’ लिहायचं की ‘५ई’, हे भाषांतर करणाऱ्याने आपल्या मनाने ठरवलेलं असतं, आणि कारागीर डिस्प्लेवर पाहून दुसरंच समजतो. काही मशीनमध्ये तर लहान-मोठ्या अक्षराला वेगळा अर्थ आहे. uE म्हणजे कपडे एका बाजूला गोळा झालेत आणि मशीन स्वतःच ते पसरवायचा प्रयत्न करतं आहे. थांबा, हात लावू नका. UE म्हणजे प्रयत्न करून झाला, जमलं नाही, आता उघडून पाहा. मराठीत दोन्ही ‘यूई’ झाले आणि दोन्हींपुढे ‘असंतुलन’ असं लिहून सोडलं आहे. ज्या मशीनला काहीच झालेलं नाही, त्याच्यासाठी कारागिराला चार मजले चढावे लागतात.

कोड डिस्प्लेवर जसा दिसतो तसाच, त्याच अक्षरांत आणि त्याच आकड्यांत छापा. शक्य असेल तर शेजारी सात रेघांतलं त्याचं चित्रही द्या. कोडमधले आकडे देवनागरीत करू नका. गाइडमधल्या बाकी आकड्यांचं काय करायचं ते आपण ठरवा.

ज्या एसीला डिस्प्ले नसतो, त्याचा कोड दिव्यांवरून वाचावा लागतो. ऑपरेशनचा दिवा किती वेळा लुकलुकला आणि त्या वेळी टायमरचा दिवा काय करत होता, यावरून ओळ ठरते. टायमरचा दिवा बंद, सलग पेटलेला किंवा लुकलुकणारा, असे तीन प्रकार असतात. मराठी तक्त्यात सलग पेटलेला आणि लुकलुकणारा, दोन्हींसाठी ‘चालू’ छापलं आहे. त्यामुळे पाच लुकलुकी आणि टायमर ‘चालू’ अशा दोन ओळी आहेत. एक सेन्सरची, दुसरी आउटडोअरच्या पंख्याची. कारागिराने कोणती धरायची? ‘बंद’, ‘सलग पेटलेला’, ‘लुकलुकतो’ एवढे तीन शब्द नीट वापरले असते तर हा प्रश्नच आला नसता. मोजणी लांब विरामानंतर सुरू करायची, ही ओळही मूळ गाइडमध्ये आहे, मराठीत नाही. मध्येच मोजायला लागलं की पाचाचे तीन होतात आणि भलताच कोड निघतो.

चौथी तक्रार मला सगळ्यात जास्त टोचते, कारण ती मुलांच्या जिवाशी आहे.

इन्व्हर्टर एसीच्या आउटडोअरमध्ये २३० व्होल्टचा सप्लाय डीसी करून मोठ्या कॅपॅसिटरमध्ये साठवला जातो. तिथला डीसी व्होल्टेज सव्वातीनशेच्या घरात असतो, काही मॉडेलांत त्याहूनही जास्त. मेन स्विच बंद केला तरी कॅपॅसिटर लगेच रिकामा होत नाही. म्हणून स्विच बंद करून काही मिनिटं थांबायचं आणि मग कॅपॅसिटरच्या दोन टोकांवर मीटर लावून व्होल्टेज उतरला आहे याची खात्री करायची. हात त्यानंतरच लावायचा. किती मिनिटं आणि किती व्होल्टपर्यंत, हे प्रत्येक मॉडेलच्या इंग्रजी गाइडमध्ये लिहिलेलं असतं. कॉम्प्रेसरच्या आणि पॉवर मॉड्यूलच्या कोडपुढे तर ते चौकटीत असतं.

मराठी गाइडमध्ये ती चौकट इंग्रजीतच आहे. भाषांतर तक्त्याचं करायचं होतं, चौकट तक्त्याबाहेर होती, म्हणून राहिली असावी. पण त्याच कोडपुढे मराठीत ‘पुरवठा खंडित करून कॉम्प्रेसरच्या तिन्ही टर्मिनलचा रोध तपासा’ असं लिहिलं आहे. म्हणजे हात घालायची सूचना मराठीत आणि थांबायची सूचना इंग्रजीत. जो मुलगा मराठी ओळ वाचून काम करणार, तो स्विच बंद केल्या केल्या कव्हर उघडून हात घालणार.

पंख्याच्या डीसी मोटरचंही तसंच आहे. पाच तारांचा लहानसा कपलर असतो. दिसायला साधा, पण बऱ्याच मॉडेलांत त्यातल्या एका तारेवर तीनशेच्या आसपास डीसी व्होल्ट असतात आणि शेजारच्या तारेवर पंधराच्या आसपास. सप्लाय चालू असताना तो कपलर काढला किंवा लावला तर मोटर जाऊ शकते, सोबत पीसीबीही. ‘सप्लाय चालू असताना कपलर काढू नका’ ही ओळ मराठीत कुठेही नाही. नंतर मोटर गेली की दोष कारागिराचा.

धोक्याची सूचना पान तीनवर एकदा छापून काम होत नाही. कारागीर गाइड पहिल्यापासून वाचत नाही. तो कोड शोधतो, त्या ओळीवर येतो आणि कामाला लागतो. सूचना त्याच ओळीत, पहिल्या पायरीच्या आधी हवी.

आता पाचवी, आणि सगळ्यात लहान. गाइडच्या पहिल्या पानावर तळाला बारीक अक्षरांत लिहिलं आहे की मराठी आणि इंग्रजी मजकुरात फरक आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जाईल. इंग्रजी गाइड कारागिराला मिळत नाही, आणि मराठी गाइड चुकलं तर जबाबदारी कंपनीची नाही. परिपत्रक मात्र म्हणतं, मराठी गाइड दिलं आहे, आता क्लेम नाही. या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवून आपणच वाचा.

भाषांतर करणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांना बहुधा ओळींचा नुसता ढीग दिला गेला असेल, कोणत्या मशीनचं आणि कोणत्या पानावरचं ते न सांगता. समोर मशीन नसेल, विचारायला कारागीर नसेल, तर ‘ओपन’चं ‘उघडा’ होणारच. काम देण्याची पद्धत चुकली आहे आणि ती आपल्याला बदलता येते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं. घरगुती उपकरणांचं क्षेत्र त्यात आहे आणि दुरुस्तीची माहिती खुली करणं हाच त्याचा हेतू आहे. जी माहिती दुरुस्ती करणाऱ्याला वाचता येत नाही, ती त्याच्यासाठी खुली झालेली नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत.

कोडपुढची संपूर्ण ओळ मराठीत द्या : पीसीबीला काय दिसलं, कोणत्या क्रमाने तपासायचं, मीटर कशावर ठेवायचा, किती आकडा आला तर काय समजायचं. बाणांचे आराखडे आणि सेन्सरचा तापमान-ओहम तक्ता त्याचाच भाग धरा. सगळे कोड एकदम जमत नसतील तर आधी संपर्काचा, सेन्सरचा, पंख्याचा आणि कॉम्प्रेसरचा असे एसीचे चार, आणि पाणी न येण्याचा, पाणी न जाण्याचा, दार न लागण्याचा असे वॉशिंग मशीनचे तीन पूर्ण करा. आमचे बहुतेक जॉब त्यातच येतात.

पार्टची नावं स्पेअरच्या यादीत आहेत तीच ठेवा, देवनागरीत लिहून. ड्रेन पंपला ड्रेन पंपच म्हणा. इनलेट व्हॉल्व्ह, डोअर लॉक, कॅपॅसिटर, कनेक्टर हे शब्द आयटीआयपासून दुकानापर्यंत सगळ्यांना कळतात.

प्रत्येक पानावर मॉडेलची मालिका आणि गाइडची तारीख छापा. एका कंपनीत E1 म्हणजे संपर्क तुटला, दुसऱ्या कंपनीत E1 म्हणजे हाय प्रेशर प्रोटेक्शन. मुलं पानाचा फोटो काढून एकमेकांना पाठवतात आणि त्या फोटोत मॉडेल दिसत नसेल तर एकाचं औषध दुसऱ्याला लागतं. फोटो पाठवणं थांबणार नाही, म्हणून पानावरच नाव हवं.

गाइड प्रसिद्ध करण्याआधी ते मशीनवर तपासून घ्या. पद्धत सोपी आहे. नीट चालणाऱ्या एसीमध्ये मुद्दाम दोष करा. सेन्सरचा कनेक्टर काढून ठेवा, दुसऱ्यात फेज-न्यूट्रल उलटे करा, तिसऱ्यात सिग्नलची तार सोडवा. मग ज्याने इंग्रजी गाइड पाहिलेलं नाही अशा कारागिराच्या हातात फक्त मराठी पान द्या. काहीही विचारू न देता त्याला दोष सापडला, तर पान बरोबर. तो कुठे अडला ते वाक्य बदला. यासाठी आमच्या सेंटरची जागा आणि आमची मुलं द्यायला मी तयार आहे, त्याचा मोबदला नको.

चूक सापडली तर कुठे कळवायची ते गाइडवर लिहा, आणि दुरुस्त झालेलं पान सगळ्या सेंटरना पाठवा.

आणि शेवटची मागणी, जी आजच मान्य करता येईल : गाइड दुरुस्त होईपर्यंत ते परिपत्रक मागे घ्या. मराठी गाइड आल्यापासून ‘दोष आढळला नाही’ म्हणून जे क्लेम नाकारले, त्यांच्या जॉब शीटवर कोड लिहिलेला आहे. तो कोड आणि मराठी गाइडमधली त्याची ओळ शेजारी ठेवून पाहा. जिथे ओळच चुकीची किंवा अपुरी आहे, तिथे वळती केलेली रक्कम सेंटरला परत करा आणि सेंटरने ती कारागिराकडून कापली असेल तर त्याला परत मिळेल असं पाहा. कॅपॅसिटरच्या चौकटीसाठी मात्र एवढं थांबू नका. ती एका पानाची सूचना मराठीत करून या आठवड्यातच सगळ्या सेंटरना पाठवा.

आपली,
अकोल्यातील एक सर्व्हिस सेंटर चालक